एक क्रियापद, दोन कर्मं: ओळ कुठे अडखळते?

प्रश्न: मी विनोदी चारोळ्या लिहितो. 'त्याने छत्री उघडली आणि तोंड' अशी एक ओळ केली, पण ऐकवली की लोक अडखळतात, हसत नाहीत. चूक कुठे आहे? आणि याला श्लेषच म्हणायचं का?

उत्तर:

चूक लिंगाची आहे. छत्री उघडली, पण तोंड उघडलं. 'त्याने' आला आणि क्रियापद भूतकाळात गेलं की प्रयोग कर्मणी होतो, म्हणजे क्रियापद कर्त्याकडे न बघता कर्माकडे बघतं. तुमच्या ओळीत 'उघडली' हे छत्रीशी जुळलेलं आहे आणि पुढचं 'तोंड' त्यात बसत नाही. ऐकणाऱ्याला मनातल्या मनात 'उघडली'चं 'उघडलं' करावं लागतं, आणि जो क्षण हसण्याचा होता तो या दुरुस्तीत जातो. कागदावर हे डोळ्यांना फारसं खटकत नाही, कानाला लगेच खटकतं. म्हणून अशी ओळ आधी मोठ्याने म्हणून बघावी.

नावाचं म्हणाल तर हा श्लेषाचा सख्खा भाऊ आहे, पण श्लेष नव्हे. 'मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' हे शाळेतलं उदाहरण आठवा. 'जीवन' म्हणजे पाणी असं धरलं तरी अख्खं वाक्य लागतं, आयुष्य असं धरलं तरी लागतं. दोन्ही अर्थ एकाच जागी एकदमच उभे असतात. तुमच्या ओळीत तसं नाही. तिथे क्रियापदाचा एक अर्थ पहिल्या नामाला मिळतो आणि दुसरा दुसऱ्या नामाला. ग्रीक अलंकारशास्त्रात याला झ्युग्मा म्हणतात, म्हणजे जोखड. ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचाच संस्कृत भाऊबंद 'युग', आणि त्यातून आपलं बैलांच्या मानेवरचं 'जू'. दोन बैल, एक जू. आपल्याकडचा दीपक अलंकारही एकाच क्रियापदाने दोन गोष्टी उजळतो, पण तिथे क्रियापदाचा अर्थ फुटत नाही. दीपकात श्लेष मिसळला की तुम्हाला हवी ती गंमत तयार होते.

हे जू मराठीत किती जुनं आणि किती सहज आहे ते एका कोड्यात दिसतं. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? उत्तर: न फिरवल्यामुळे. भाकरी फिरवणं म्हणजे उलटणं, घोडा फिरवणं म्हणजे त्याला रपेट देणं, विड्याची पानं फिरवणं म्हणजे थरातली वरखाली करणं. मला या कोड्यात सर्वांत जास्त आवडते ती त्यातली व्याकरणाची चतुराई. भाकरी स्त्रीलिंगी, घोडा पुल्लिंगी, पान नपुंसकलिंगी. तिन्ही लिंगं एका जुवाला जुंपली आहेत आणि तरी काही अडत नाही, कारण 'फिरवल्यामुळे' हे रूप कुणाशीच जुळवून घेत नाही. तिथे 'फिरवली नाही' म्हटलं असतं तर कोडं तिथेच मोडलं असतं.

म्हणजे वाटा तीन. दोन्ही कर्मं एकाच लिंगवचनाची घ्यायची: 'त्याने दुकान उघडलं, मग तोंड.' किंवा काळ बदलून क्रियापद कर्त्याशी जोडायचं, जसं 'तो उघडतो'. किंवा कोड्यातल्यासारखं न बदलणारं रूप वापरायचं.

लिंग जुळलं तरी ओळ रंगेलच असं नाही, कारण दुसरा प्रश्न क्रियापदाच्या जागेचा आहे. मराठीत क्रियापद स्वभावतः शेवटी येतं. 'त्याने सल्ला आणि चहा घेतला' म्हटलं की सल्ला आणि चहा शेजारी बसलेले आधीच दिसतात, आणि 'घेतला' येईपर्यंत नवल संपलेलं असतं. कोड्याला हा क्रम चालतो, कारण तिथे क्रियापद हेच उत्तर असतं. विनोदी ओळीला चालत नाही. तिथे क्रियापद मध्ये हवं: 'त्याने सल्ला घेतला, आणि चहा.' 'सल्ला घेतला' म्हणताना एक अर्थ पक्का होतो आणि 'चहा' येऊन तोच शब्द मागे वळून बघायला लावतो. उंबऱ्यावरचा दिवा घरात आणि अंगणात दोन्हीकडे उजेड देतो, त्याला आपण देहलीदीपन्याय म्हणतो. क्रियापदाने नेमकं त्या उंबऱ्यावर बसायचं असतं.

सल्ला आणि चहाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या 1714 साली वाढवून छापलेल्या 'द रेप ऑफ द लॉक' या विनोदी काव्यात ॲन राणीबद्दल हेच म्हटलं आहे: कधी सल्ला घेतेस, आणि कधी चहा. इंग्रजीत क्रियापद एरवी कर्माच्या आधी येतं, पण पोपने तिथे क्रम फिरवून सल्ला आधी, क्रियापद मध्ये आणि चहा अगदी शेवटी ठेवला आहे. ती ओळ मराठीत जवळजवळ जशीच्या तशी उतरते याचं मला फार कौतुक वाटतं.

आता एक द्विपदी जुळवून दाखवतो. क्रियापद 'काढणे' घेतलं, कारण त्याचे अर्थ भरपूर आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत. पहिला कच्चा विचार होता 'चूक काढली, मग पळ'. 'पळ काढली' होत नाही, म्हणून चूक गेली आणि पुल्लिंगी 'फोटो' आला.

मंडपात जेव्हा उडाला गोंधळ,
भाऊंनी फोटो काढला, मग पळ.

दोन्ही ओळी 19 मात्रांच्या आहेत, आणि यमकाचा शब्द तोच धक्क्याचा शब्द आहे. क्रम उलटा करून बघा: 'भाऊंनी पळ काढला, मग फोटो.' व्याकरण ठीक, गंमत गेली. कारण 'पळ काढणे' हा घट्ट सांधलेला वाक्प्रचार आहे. तो आधी आला की 'काढणे'चा मूळ अर्थ त्यात विरघळतो आणि 'फोटो'ला जोडायला काही उरत नाही. म्हणून साधी, हाताने करायची क्रिया आधी आणि वाक्प्रचार नंतर. दुसरं नाम असं असावं की ते ऐकताच कानाला तेच क्रियापद आठवावं. 'पळ'ला ते जमतं. ओळीत 'मग पळही काढला' असं क्रियापद पुन्हा मात्र लिहू नका, त्याने जू सुटतं आणि उरतात दोन साधी वाक्यं.

अर्थ खरंच दोन आहेत का हे तपासायला दोन्हीकडे वेगवेगळा समानार्थी शब्द घालून बघतो. फोटो टिपला, पण पळ टिपला नाही, आणि धूम ठोकली, पण फोटो ठोकला नाही. अर्थ लांब आहेत, म्हणजे ओळ चालेल. तुमच्या ओळीत हे अंतर जरा कमी पडतं. तोंड उघडणं म्हणजे बोलणं खरं, पण ओठ प्रत्यक्ष उघडतातच, त्यामुळे छत्री आणि तोंड फार दूर जात नाहीत. ते अंतर वाढवायला दोन्ही बाजूंना वेगळं निमित्त द्या. छत्री सोडायचीच नसेल तर मी अशी करीन: पाऊस आला की तो छत्री उघडतो, वीज गेली की तोंड.