अनलॉकच्या तारखेआधी किंमत का उतरते?

प्रश्न: माझ्याकडच्या टोकनचा मोठा अनलॉक पुढच्या महिन्यात आहे. कॅलेंडरवर 'चलनातील पुरवठ्याच्या ८ टक्के' असं दिसतंय. त्या दिवशी किंमत पडेल असं धरून आदल्या दिवशी विकावं का?

उत्तर: आदल्या दिवसापर्यंत थांबणे मला योग्य वाटत नाही, कारण अशा अनलॉकचा, म्हणजे बंद ठेवलेली टोकने विक्रीसाठी मोकळी होण्याचा, बराचसा भार तारीख उजाडण्यापूर्वीच किमतीवर येऊन गेलेला असतो. वेळापत्रक पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक असते आणि ज्यांची टोकने सुटणार असतात, त्यांना विक्रीसाठी ती हातात येण्याची वाट पाहावी लागतेच असे नाही. ८ टक्के या आकड्यापेक्षा ती टोकने कोणाच्या हातात जाणार आहेत आणि त्यांतली किती आधीच विकून झाली आहेत, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

इथेरियमवर उभारलेल्या आर्बिट्रम या जाळ्याचे उदाहरण घेतो, कारण त्यातली आकडेवारी स्वच्छ आहे. आर्ब टोकनचा आरंभीचा एकूण पुरवठा १० अब्ज होता. मार्च २०२३ मधल्या एअरड्रॉपमध्ये, म्हणजे टोकनांच्या मोफत वाटपात, वापरकर्ते आणि त्या जाळ्यावरच्या प्रकल्पांच्या संस्था यांच्यासाठी मिळून त्यातला १२.७५ टक्के भाग ठेवला होता, म्हणजे बाजारात खरोखर फिरू शकणारी टोकने सव्वा अब्जाच्या आसपासच होती. संघ, सल्लागार आणि गुंतवणूकदार यांच्या वाट्याची सुमारे ४.४५ अब्ज टोकने एक वर्ष पूर्ण बंद होती. १६ मार्च २०२४ रोजी त्यांचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १.११ अब्ज, एकदम मोकळा झाला. यालाच क्लिफ म्हणतात. उरलेली टोकने पुढची तीन वर्षे दरमहा साधारण ९.२६ कोटी या गतीने सुटायची होती.

दरम्यान प्रकल्पाच्या कोषातून दिलेल्या अनुदानांमुळे चलनातली टोकने थोडी वाढली होती, तरी क्लिफचा आकडा त्यांच्या पाऊणपट भरत होता. एकूण बाजारमूल्य तेवढेच राहिले आणि टोकनांची संख्या पावणेदोन पट झाली, तर एका टोकनची किंमत मूळच्या सुमारे ५७ टक्क्यांवर यायला हवी. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. एका दिवसात मात्र तसे झाले नाही, आणि होणे अपेक्षितही नव्हते, कारण ही तारीख बाजाराला वर्षभर आधी माहीत होती. आर्बने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २.४ डॉलरचा उच्चांक गाठला, मार्चच्या मध्यापर्यंत ते दोन डॉलरच्या खाली आले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सव्वा डॉलरच्याही खाली गेले. उतार तारखेच्या आधीच सुरू झाला आणि महिनाभर नंतरही चालू राहिला.

या सगळ्या घसरणीचे खापर अनलॉकवर फोडता येत नाही. त्याच आठवड्यात, १४ मार्चला, बिटकॉइनने ७३ हजार डॉलरच्या वरचा तेव्हाचा उच्चांक केला आणि तिथून संपूर्ण बाजार उतरला. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथेरियमचे नाणे असलेला इथर ४००० डॉलरच्या आसपासहून ३००० च्या आसपास आला, म्हणजे ढोबळमानाने चौथा हिस्सा गमावला. आर्बने त्याच काळात चाळीस टक्क्यांच्या आसपास गमावले. अनलॉकचा वाटा शोधायचा असेल तर तो या दोन आकड्यांमधल्या फरकात शोधावा. तोही सगळा अनलॉकचा नसतो, कारण लहान टोकने पडत्या बाजारात एरवीही इथरपेक्षा जास्त पडतात. म्हणून तुमच्या टोकनचा तक्ता पाहताना डॉलरमधील किमतीऐवजी इथरमधील किंवा त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या टोकनमधील किंमत लावून पाहा.

आता आधीच होणाऱ्या विक्रीबद्दल. समजा, एका फंडाकडे दहा लाख बंद टोकने आहेत आणि त्याला आजचा भाव पक्का करायचा आहे. टोकने हलवता येत नाहीत, पण पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या वायदा सौद्यांत, तेवढ्याच टोकनांची शॉर्ट पोझिशन घेता येते, म्हणजे आधी विकून नंतर परत खरेदी करण्याचा सौदा करता येतो. किंमत पडली तर टोकनांवरचा तोटा शॉर्टच्या नफ्यातून भरून निघतो. अनलॉकच्या दिवशी तो फंड हातात आलेली टोकने विकतो आणि त्याच वेळी शॉर्ट परत खरेदी करून बंद करतो. त्या दिवशीची त्याची विक्री आणि खरेदी एकमेकींना बऱ्याच अंशी तोलतात. बाजारावरचा त्याचा खरा दबाव शॉर्ट उघडताना, म्हणजे काही आठवडे आधीच, पडून गेलेला असतो. अनलॉकच्या दिवशी किंमत हलली नाही किंवा उलट थोडी वर गेली, तर लोकांना आश्चर्य वाटते, पण पुष्कळदा त्याचे कारण हेच असते.

याचा माग दोन ठिकाणी लागतो. फ्युचर्समधील ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून बंद न झालेल्या सौद्यांचा एकूण आकडा, वाढत असतो आणि फंडिंग रेट उणे होतो, म्हणजे शॉर्ट धरणारे लाँग, म्हणजे खरेदीची बाजू, धरणाऱ्यांना पैसे देऊ लागतात. दर आठ तासांना उणे ०.०५ टक्के असा दर असेल, तर शॉर्ट धरण्याचा खर्च दिवसाला ०.१५ आणि महिन्याला साडेचार टक्के होतो. अनलॉक आहे म्हणून शॉर्ट करू पाहणाऱ्याने हा खर्च आधी मोजावा. पुष्कळदा अपेक्षित घसरणीचा मोठा भाग त्यातच जातो. उलट फंडिंग शून्याच्या आसपास असेल आणि ओपन इंटरेस्टही स्थिर असेल, तर फ्युचर्सच्या वाटेने विक्री झालेली नाही असे समजावे. खासगी सौद्यांत सवलतीने झालेली विक्री मात्र तिथे दिसत नाही.

टोकने कोणाला मिळतात यावरून बरेच ठरते. सुरुवातीच्या फेरीत अगदी कमी भावात घेतलेल्या गुंतवणूकदाराला आजच्या अर्ध्या किमतीतही मोठा नफा असतो आणि त्याच्यावर आपल्या भागीदारांना पैसे परत करण्याची जबाबदारी असते, म्हणून तो विकतो. प्रकल्पाच्या कोषात किंवा अनुदानाच्या खात्यात जाणारी टोकने मोकळी झाली तरी लगेच बाजारात येतातच असे नाही. कॅलेंडरे हे सगळे एका आकड्यात मिसळतात. तुमच्या ८ टक्क्यांपैकी ६ टक्के कोषाचे असतील, तर चिंता २ टक्क्यांचीच करायची. ते २ टक्केही टोकनांत मोजा आणि रोजच्या खऱ्या उलाढालीशी ताडून पाहा. एका दिवसाच्या उलाढालीत जिरणारी विक्री आणि दहा दिवसांच्या उलाढालीएवढी विक्री यांचा भार सारखा नसतो.

तारीखही पुन्हा तपासा. डीवायडीएक्स या क्रिप्टो फ्युचर्स एक्स्चेंजच्या गुंतवणूकदारांचा आणि संघाचा अनलॉक फेब्रुवारी २०२३ मध्ये होणार होता. तो जानेवारीत डिसेंबरपर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि किंमत उसळली. आधीच शॉर्ट केलेल्यांचे त्यात नुकसान झाले. बंधन करारात असेल तर करार बदलता येतो. ते व्हेस्टिंग कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे टोकने आपोआप सोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कोडमध्ये असेल तर बदल अवघड असतो, आणि त्या कॉन्ट्रॅक्टमधून टोकने निघाल्याचे ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, दिसते. ती एक्स्चेंजच्या ठेव पत्त्याकडे गेली तर विक्री जवळ आली असे धरावे.

तुमच्या जागी मी असतो तर आजच वाटपाचा तक्ता उघडून गुंतवणूकदारांचा हिस्सा वेगळा काढला असता, आणि तो मोठा असून फंडिंग अजून उणे झालेले नसेल तर विकायचा तेवढा भाग आतापासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुकड्यांनी विकला असता. फंडिंग खोल उणे असेल आणि इथरच्या तुलनेत टोकन आधीच बरेच पडले असेल, तर केवळ तारखेच्या भीतीने आदल्या दिवशी विकले नसते. क्लिफनंतर मासिक हप्ते असतील तर तेही मांडून ठेवा. आर्बच्या बाबतीत पहिला हप्ता चलनातील टोकनांच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, आणि चलन वाढत गेल्यावर तोच हप्ता शेवटाकडे दीड टक्क्याच्या जवळ येतो.