फोन मराठीत ठेवल्यामुळे ॲप गायब होत नाही

प्रश्न: मी आखाती देशातून कायमचा सोलापूरला परत आलो आहे. फोनची भाषा मराठी आणि प्रदेश भारत केला, तरी माझ्या बँकेचे ॲप प्ले स्टोअरमध्ये दिसत नाही. दुकानदार म्हणतो, फोन इंग्रजीत करा. व्हीपीएन लावून पाहू का?

उत्तर:

फोन इंग्रजीत करू नका. त्याचा काहीही उपयोग होणार नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण गेली अनेक वर्षे माझा फोन मराठीत आहे आणि एखादे ॲप सापडले नाही की आमच्या घरात पहिला दोष त्या मराठीलाच दिला जातो. माझे दाजी या बाबतीत सर्वांत पुढे असतात. त्यांच्या मते फोन इंग्रजीतच असावा, नाहीतर 'कंपनीला कळत नाही'. या वादाचा निकाल माझ्या भाच्याच्या फोनवर लागला, म्हणून ती हकीकत सविस्तर सांगतो.

भाचा शारजाला एका हॉटेलात नोकरीला आहे. दाजींच्या शस्त्रक्रियेसाठी तो लांबची रजा काढून सोलापूरला आला होता. दवाखान्याचे पैसे भरण्यासाठी त्याला इथल्या बँकेचे ॲप हवे होते. त्याचे गूगल खाते शारजातच उघडलेले होते आणि फोनही तिथलाच होता. फोन मराठीत करून मीच दिला होता. बँकेचे नाव शोधले, तर त्याच्याशी मिळतीजुळती भलतीच ॲपे समोर आली, मूळ ॲप मात्र दिसेना. बँकेच्या संकेतस्थळावरील दुव्यावरून गेलो, तेव्हा हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही, अशा अर्थाचा मजकूर आला. दाजींनी लगेच माझ्याकडे बोट दाखवले. फोन नवी पेठेतल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने भाषा इंग्रजी केली, आणि तेवढ्याने भागले नाही तेव्हा सगळा फोन पुसून नव्याने चालू केला. भाच्याचे काही फोटो त्यात कायमचे गेले. नंतर जुनेच खाते घातल्यावर तोच मजकूर पुन्हा आला, या वेळी इंग्रजीत.

तसे होणारच होते. प्ले स्टोअर तुम्हाला कोणत्या देशाची ॲपे दाखवते, हे फोनच्या भाषेवर ठरत नाही, तुम्ही सेटिंगमध्ये निवडलेल्या प्रदेशावरही ठरत नाही. तो देश तुमच्या गूगल खात्याला, म्हणजे त्यातील पैसे भरण्याच्या प्रोफाइलला जोडलेला असतो आणि त्याची नोंद गूगलकडे असते. फोन पुसल्याने ती नोंद बदलत नाही. भाषेचे काम वेगळे आहे. स्टोअरची पाने आणि ॲपच्या आतली अक्षरे कोणत्या भाषेत दिसावीत, एवढेच ती ठरवते. ॲप बनवणारा मात्र ते कोणकोणत्या देशांत द्यायचे हे स्वतः निवडतो. अनेक बँका आपले ॲप मोजक्याच देशांत देतात, कारण परवाना, ग्राहकसेवा आणि फसवणुकीची जबाबदारी त्या देशांपुरतीच असते.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल, तर ब्राउझरच्या गुप्त खिडकीत, म्हणजे कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, पुढील दोन दुवे उघडून पाहा. उदाहरणासाठी फक्त भारतासाठी काढलेला एक खेळ घेतला आहे.

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.pubg.imobile&hl=mr&gl=IN
https://play.google.com/store/apps/details?id=com.pubg.imobile&hl=en&gl=AE
```

यातील `hl` म्हणजे भाषा आणि `gl` म्हणजे देश. `hl` हवे तितके बदला, पान फक्त भाषा बदलेल. `gl` बदलले की मात्र पान सापडत नाही. `id=` पुढे तुमच्या बँकेच्या ॲपचे नाव घातले, म्हणजे ते कोणत्या देशात दिले जाते हे लगेच कळते. हे नाव बँकेच्या संकेतस्थळावरील दुव्यातूनच घ्यावे. मी हेच दाजींना करून दाखवले. भाषा मराठी आणि देश भारत ठेवला तेव्हा बँकेचे ॲप दिसले, भाषा इंग्रजी आणि देश अमिरात केला तेव्हा ते दिसले नाही. त्यानंतर त्यांच्याकडे बोलण्यासारखे फारसे उरले नाही, तरीही ते बोललेच. एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बँकेच्या ॲपची एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकण्याची फाइल, व्हॉट्सॲपवर मागवली होती. ती मी उघडू दिली नाही. बँकेच्या नावाने फिरणाऱ्या अशा फायलींमधूनच लोकांची खाती रिकामी होतात. शिवाय अनेक बँकांची ॲपे आपण कुठून आलो हे तपासतात आणि स्टोअरबाहेरून टाकलेली असतील तर चालत नाहीत.

यानंतर आम्ही देश बदलण्याची योग्य जागा शोधली. प्ले स्टोअरमध्ये वरच्या बाजूला असलेल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावे आणि `Settings`, `General`, `Account and device preferences`, `Country and profiles` असे क्रमाने जावे. फोन मराठीत असेल तर हीच नावे मराठीत दिसतात. भाच्याच्या खात्यात तिथे संयुक्त अरब अमिराती असे लिहिलेले होते, पण भारत निवडण्याचा पर्यायच येत नव्हता. कारण शोधायला थोडा वेळ लागला. तिकडे वापरायची सवय असल्याने फोन पुसल्यावर त्याने आपले व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची जोडणी दुसऱ्या देशातून असल्यासारखी दाखवणारे ॲप, पुन्हा टाकले होते आणि ते चालूच होते. गूगल देश बदलू देताना तुम्ही त्या क्षणी खरोखर त्या देशात आहात का, हे इंटरनेटच्या जोडणीवरून पाहते. व्हीपीएन बंद करून स्टोअर पुन्हा उघडले, तेव्हा भारताचा पर्याय आला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. व्हीपीएन तुमच्या खात्याचा देश बदलत नाही, उलट तो बदलण्याच्या आड येते. असेल तर आधी काढून टाका.

इथे दाजी म्हणाले, 'आता दाबून टाक.' मी भाच्याचा हात धरला, आणि त्याबद्दल ते अजूनही माझ्यावर नाराज आहेत. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो. भाच्याला रजा संपल्यावर शारजाला परत जायचे होते. त्याचा पगार तिथल्या बँकेत येतो आणि तिथल्या सरकारी सेवांची ॲपे त्याला लागतात. देश भारत केला असता, तर फोनमध्ये आधीच असलेली ॲपे जागेवर राहिली असती, पण तिथली जी ॲपे भारतात दिली जात नाहीत, ती एकदा काढली की पुन्हा घेता आली नसती आणि त्यांच्या नव्या आवृत्त्यांचीही अडचण झाली असती. प्ले स्टोअरच्या खात्यात उरलेले दिरहमही भारतीय स्टोअरमध्ये खर्च करता येत नाहीत. ती रक्कम जुन्या देशाशीच बांधलेली राहते.

म्हणून आम्ही व्हीपीएन बंद ठेवून, सोलापुरातल्या वायफायवर, त्याच फोनमध्ये दुसरे गूगल खाते उघडले. ज्या खात्याला पैसे भरण्याची प्रोफाइल अजून जोडलेली नाही, त्याला गूगल तुम्ही जिथे आहात तो देश देते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून नव्या खात्यावर गेलो आणि बँकेचे ॲप पहिल्याच शोधात आले. दोन्ही खाती फोनमध्ये राहू दिली, कारण ज्या खात्यातून ॲप घेतले ते खाते काढले की त्या ॲपच्या नव्या आवृत्त्या अडतात. एवढे करूनही ॲप सुरू होताना अडले, पण त्याचा स्टोअरशी संबंध नव्हता. आपल्याकडची बँकेची आणि यूपीआयची ॲपे खात्याला नोंदवलेल्या क्रमांकावरून संदेश पाठवून खात्री करतात. भाच्याचे भारतीय सिम आईच्या जुन्या फोनमध्ये पडून होते. ते या फोनमध्ये घातले आणि काम झाले.

तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण तुम्ही कायमचे आला आहात. तुम्ही देश बदलावा. भारतीय बँकेचे डेबिट कार्ड हाताशी ठेवा, कारण देश बदलताना नव्या देशातील पैसे भरण्याचे साधन जोडावे लागते. बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका, त्याला 48 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. खात्यातील जुन्या देशाची रक्कम आधी खर्च करा. तिकडची ग्रॅच्युइटी किंवा बँकेचा हिशेब अजून पूर्ण झाला नसेल, तर मात्र भाच्याप्रमाणे दुसरे खाते उघडा आणि तिकडचे काम संपल्यावर देश बदला.

घरात कोणाकडे आयफोन असेल तर तिथेही देश खात्याशीच जोडलेला असतो, पण अटी अधिक कडक आहेत. `Settings` मध्ये आपल्या नावावर, तिथून `Media & Purchases`, `View Account` आणि `Country/Region` असे जावे लागते. खात्यात शिल्लक असेल किंवा एखादे सदस्यत्व चालू असेल, तर ते मिटवल्याशिवाय देश बदलू दिला जात नाही, आणि तुम्ही कुटुंबाच्या सामायिक गटात असाल तर त्याचीही अडचण येऊ शकते. त्यामुळे थोड्या दिवसांसाठी आलेल्याने तिथेही दुसरे खाते उघडून फक्त `Media & Purchases` मधून बाहेर पडावे आणि तिथे नवे खाते घालावे. आयक्लाउडचे खाते तसेच राहते, फोटोंना धक्का लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाव तेच दिसले म्हणजे ॲप तेच असते असे नाही. भारतात यूपीआयसाठी वापरतो ते गूगल पे 2017 मध्ये तेज या नावाने आले आणि 2018 मध्ये त्याचे नाव बदलले. परदेशात फोन कार्डाच्या यंत्राला टेकवून पैसे देण्यासाठी आहे ते गूगल वॉलेट, ते वेगळे ॲप आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये भारतात बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये भारतापुरती वेगळी आवृत्ती निघाली. वर दिलेला दुवा तिचाच आहे. म्हणून तिकडून आणलेल्या फोनमधले ॲप इथल्या खात्याला चालेल असे गृहीत धरू नका, दुव्यातील `id=` पुढचे नाव पाहा.

दाजींच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ॲप बनवणाऱ्याने मराठीत नाव दिलेले नसेल, तर देवनागरीत शोधल्यावर ते खाली जाते किंवा सापडतच नाही. तेव्हा नाव इंग्रजी अक्षरांत टाका किंवा बँकेच्या दुव्यावरून जा. त्यासाठी सगळा फोन इंग्रजीत करण्याची गरज नाही. अँड्रॉइड 13 पासून एखाद्याच ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्याची सोय सेटिंगमधील भाषांच्या पानावर `App languages` या नावाने असते, मात्र त्या ॲपने ती सोय दिलेली असली पाहिजे. आणि पडद्यावर देशाऐवजी तुमचा फोन या आवृत्तीला अनुकूल नाही असा मजकूर येत असेल, तर देश बदलूनही काही होणार नाही. तिथे अडचण फोनचीच, बहुधा त्याच्या जुन्या अँड्रॉइडची असते.