कोल्ड स्टोरेजचं भाडं ईआरपीत जुळत नाही: लॉट, पावती आणि तारखा

"इंदोरला बटाट्याचं कोल्ड स्टोरेज ईआरपीत बसवतोय. शेतकरी माल थोडा थोडा काढतो, मधेच व्यापाऱ्याला विकतो, आणि भाड्यावरून सारखी भांडणं. काय चुकतंय?"

दादा, बहुतेक तुमच्याकडे पावतीची तारीख आणि भाडं कुठवर लागलंय ती तारीख एकाच फील्डमधे आहे. ती आधी वेगळी करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उदाहरण घेऊ. 10 मार्चला लॉट 214 आला, 300 कट्टे. समजा भाडं कट्ट्यामागे महिन्याला 12 रुपये, आणि सुरू झालेला महिना पूर्ण धरायचा असं ठरलंय. 25 जूनला 120 कट्टे निघाले. महिना 10 तारखेपासून 9 पर्यंत मोजला तर हा चौथा महिना, म्हणजे 120 × 12 × 4 = 5760. उरलेले 180 निघाले 8 सप्टेंबरला, सहावा महिना, 12960. आता सिस्टीम कॅलेंडरचा महिना मोजत असेल तर मार्च ते सप्टेंबर सात होतात आणि शेतकऱ्यावर 2160 रुपये फुकटचे चढतात. चोइथराम मंडीत उठबस असलेला माणूस हे बोटांवर मोजून लगेच पकडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

आता खरी गोची, विक्रीची. तेच 180 कट्टे 1 जुलैला व्यापाऱ्याच्या नावावर गेले, तुम्ही नवीन पावती केली आणि भाडं 1 जुलैपासून नव्याने सुरू केलं. शेतकऱ्याचे चार महिने 9 जुलैपर्यंत आधीच लागलेत, वर व्यापाऱ्याचे 8 सप्टेंबरपर्यंत तीन, एकूण सात, म्हणजे एक महिना दोघांकडून घेतला. म्हणून नवीन पावतीवर "भाडे आकारले पर्यंत" 9 जुलै हे जुन्या पावतीवरून आपोआप यायला हवं, व्यापाऱ्याचं भाडं 10 जुलैपासून, दोनच महिने. मूळ लॉट नंबर मात्र 214च ठेवा, कारण कट्ट्यांवर तोच लिहिलाय आणि हमाल चेंबरमधे तोच शोधणार, आणि पावती त्याखाली नवीन.

चूक झालीय का ते तपासायला मूळ लॉटवर कट्टे गुणिले महिने अशी बेरीज काढणारा रिपोर्ट बनवा. इथे 120 × 4 आणि 180 × 6 मिळून 1560 यायला हवेत, 1740 आले तर समजा कुठेतरी एक महिना जास्त धरलाय.

माल सोडताना मूळ पावती जमा झाल्याशिवाय गेटपास निघूच देऊ नका. थोडाच माल निघत असेल तर जुनी पावती रद्द करून शिल्लक कट्ट्यांची नवीन द्या, नाहीतर जुन्या 300च्या पावतीवर कोणीतरी पुन्हा माल मागायला येतो. बँकेचा बोजा असेल तर तो पावतीवरच टाका आणि बँकेचं पत्र येईपर्यंत गेटपास बंद. आणि हो, चेंबरमधला सडका माल काढला की त्याच दिवशी तारखेसकट त्या पावतीवरून कमी करा. त्या कट्ट्यांचं भाडं घ्यायचं की नाही हे मालकाने आवक घेतानाच पावतीवर छापून ठेवावं.