सणासुदीतील रजांची मर्यादा आधी ठरवा

लक्ष्मी रस्त्यावरील कापड दुकानातील 14 जणांच्या रजा तुम्हाला गणपती ते दिवाळी या काळासाठी लावायच्या आहेत, तर ‘एका वेळी किती जण सुटीवर चालतील’ असा प्रश्न न विचारता ‘किती जणांशिवाय दुकान चालणारच नाही’ याचा आकडा आधी काढा. समजा तो 10 आहे. प्रत्येकाची आठवड्यातून एक सुटी धरली, तर रोज 2 जण तसेही नसतात. उरले 2, त्यांतला एक अचानक येणाऱ्या आजारपणासाठी राखला, की आगाऊ मंजूर करता येणारी रजा एकाच व्यक्तीची. साप्ताहिक सुटी या हिशेबात न धरणे, ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरी मर्यादा कामानुसार लावा. बिलिंग येणारे तिघेच असतील, तर बाकी मोजणी जुळली तरी त्यांतील दोघे एकाच दिवशी सुटीवर नकोत, मग ती साप्ताहिक सुटी का असेना.

तक्ता भरताना अनंत चतुर्दशी प्रथम टाका. विसर्जन मिरवणूक याच रस्त्याने जात असल्याने त्या दिवशी ग्राहक येणे अवघडच. शक्य तितक्यांची साप्ताहिक सुटी तिथेच सरकवा. गौरी आणि भाऊबीज यांसाठी मात्र अर्जांची गर्दी होते. तिथे ‘आधी अर्ज, आधी रजा’ हा नियम लावू नका. ज्यांना गेल्या वर्षी गौरींना रजा मिळाली, त्यांचा क्रम यंदा शेवटी ठेवा. गावी जाणाऱ्यांना तिकिटे काढण्यापूर्वी उत्तर मिळावे, म्हणून तक्ता आषाढातच भिंतीवर लावा.