मेल पुन्हा लिही, पण प्रश्न एकच विचार

'मॅडम, मी नागपूरला एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या कोळशाने पाण्यातलं फ्लोराइड काढायचा, एका पेपरातला प्रयोग करतेय. पेपरात क्षमता ४ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आहे, माझी २.५ येते. डोस नुसता "२ ग्रॅम" लिहिलाय. "पद्धत सविस्तर सांगा, डेटा पाठवा" असा मेल करस्पाँडिंग ऑथरना केला. तीन आठवडे उत्तर नाही. आता काय करू?'

त्या मेलचं उत्तर द्यायला त्यांना अर्धा दिवस लागेल, म्हणून तो तसाच पडून आहे. दोन ओळींत उत्तर देता येईल असा प्रश्न विचार.

डोसचा प्रश्न मात्र विचारूच नकोस, तो पेपरातच सुटतो. समज, सुरुवातीला लिटरमागे १० मिलिग्रॅम फ्लोराइड होतं, शेवटी २ उरलं आणि पाणी ५० मिलिलिटर. म्हणजे शोषलं गेलं ०.४ मिलिग्रॅम. कोळसा खरंच २ ग्रॅम असता तर क्षमता ०.२ आली असती. ४ यायला कोळसा ०.१ ग्रॅमच हवा, म्हणजे डोस लिटरमागे २ ग्रॅम. तुझ्या पेपरातले आकडे घालून हे करून बघ.

खरी शंका मोजणीची आहे. लेपातलं अ‍ॅल्युमिनियम थोडं पाण्यात उतरतं आणि फ्लोराइडला बांधून ठेवतं. बांधलेलं फ्लोराइड ते मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला दिसत नाही. मोजण्याआधी टिसॅब हे बफर द्रावण घातलं की त्यातलं बरंचसं सुटतं आणि मोजलं जातं. त्यांनी टिसॅब घातलं नसेल, तर काढलेलं फ्लोराइड आहे त्याहून जास्त दिसेल. तू टिसॅब घालत असशील, तर तुझाच एक नमुना टिसॅबशिवाय मोज, कॅलिब्रेशनही तसंच कर. आकडा पेपराच्या जवळ गेला, तर मेलमध्ये सांगण्यासारखं तुझ्या हातात काहीतरी आहे.

नवा मेल कॉलेजच्या आयडीवरून, गाइडना सीसी ठेवून, इंग्रजीत पाठव. विषयात पेपरचं नाव घाल. मजकूर एवढाच: 'मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी. आपल्या तक्ता २ मधली स्थिती तशीच ठेवून मला ४ ऐवजी २.५ मिळतं. फ्लोराइड मोजताना टिसॅब वापरलं होतं का, आणि कोणत्या प्रमाणात? माझे आकडे सोबत जोडले आहेत.' 'तुमचे निकाल जुळत नाहीत' हे वाक्य लिहू नकोस. ते वाचून माणूस बचावाला उभा राहतो आणि तुझं काम अडतं.

डेटा हवा असेल तर आधी सप्लिमेंटरी फाइल उघड. तिथे नसेल तर 'आकृती ३ चे बिंदू' असं नेमकं माग. 'विनंतीवर डेटा मिळेल' या ओळीवर फार विसंबू नकोस. २०२२ च्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्या १७९२ वैद्यकीय-जैविक पेपरांच्या लेखकांकडे डेटा मागितला होता, तो ७ टक्क्यांहूनही कमी जणांनी दिला.

दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली एकदा आठवण कर, मग पहिल्या लेखकाला लिही. प्रयोग बहुधा त्याच्याच हातचा असतो. तोवर टिसॅबसह आणि टिसॅबशिवाय, दोन्ही आकडे प्रबंधात मांडायला घे.