नरसिंह, उंबरा आणि सोन्याची गादी

प्रश्न : कोणी फार चिडलं की ‘त्याने नरसिंहावतार धारण केला’ म्हणतात. म्हणजे नरसिंह हा फक्त रागाचा देव का? आणि अर्धा माणूस, अर्धा सिंह असं मिश्र रूप कशासाठी? शब्द ‘नरसिंह’ बरोबर की ‘नृसिंह’?

आधी एक विनंती. हिरण्यकशिपूला ‘हिरण्यकश्यप’ म्हणणं थांबवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात, कीर्तनात, निवेदकांच्या तोंडी सगळीकडे हा कश्यप घुसलेला आहे. कश्यप त्याचा बाप. मुलाचं नाव हिरण्यकशिपू, आणि कशिपु म्हणजे गादी, अंथरूण. भागवतातच दुसऱ्या स्कंधात एक ओळ आहे : ‘सत्यां क्षितौ किं कशिपोः प्रयासैः’, भुई असताना गादीसाठी धडपड कशाला? हा शब्द हातात आला की तुमच्या प्रश्नाचं अर्धं कुलूप उघडतं, पण त्याकडे मागाहून येतो.

नर आणि नृ दोन्ही संस्कृतच, तेव्हा नरसिंह लिहा किंवा नृसिंह लिहा. हरि म्हणजे सिंहसुद्धा, म्हणून नरहरी हाही तोच शब्द. कोकणात घरोघरी एखादा नरहर असतो आणि आपल्या नावात सिंह आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता ‘अर्धा माणूस, अर्धा सिंह’. कोशांत हाच अर्थ देतात आणि तिथेच थांबतात. व्याकरणाने पाहिलं तर पाणिनीच्या ‘उपमितं व्याघ्रादिभिः’ या सूत्राप्रमाणे नरसिंह म्हणजे सिंहासारखा पुरुष. पुरुषव्याघ्र म्हटल्यावर कोणी शेपूट शोधत नाही, तसंच हे. म्हणजे शब्दात अर्धा-अर्धा असं काही नाहीच. आणि कथेत आहे म्हणावं, तर भागवत खांबातून निघालेल्या रूपाबद्दल काय म्हणतं पाहा : ‘न मृगं न मानुषम्’. पशू नव्हे, माणूसही नव्हे. कवीने बेरीज केलेली नाही, दोन्ही बाजूंनी वजाबाकी केली आहे.

कारण मागणंच तसं होतं. हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवाकडे मागितलं ते सगळं नकारात : आत नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. त्याने जगाचे दोन-दोन तुकडे केले आणि दोन्ही आपल्या नावावर करून घेतले. राहिलं काय? दोन तुकड्यांमधली चीर. तिथे बसेल असं रूप घ्यायचं तर ते मिश्रच लागणार. आत-बाहेरच्या मध्ये दार, दिवस-रात्रीच्या मध्ये सांज, भुई-आभाळाच्या मध्ये मांडी, शस्त्राऐवजी नख. नुसत्या रागासाठी सिंहाचं तोंड लावायची गरज नव्हती, रागीट देव आपल्याकडे माणसाच्या तोंडाचेही भरपूर आहेत.

हे आमच्या आजीला सूत्राशिवाय ठाऊक होतं. दिवेलागणीला मी उंबऱ्यावर बसून नखं कुरतडत होतो. ती आतून ओरडली, ‘अरे, तिनसांजेक उंबऱ्यार कित्याक बसलंस? ऊठ थयसून!’ तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला नखं काढू नयेत, हे दोन्ही नियम तुमच्याही घरी असतील. सांज, उंबरा, नखं : कथेतले तीन सांधे घरच्या वळणात जसेच्या तसे उतरलेत. नियम कथेतून आला की कथेच्या आधीपासून होता, यावर मला वाद घालायचा नाही. चिरेत पाय ठेवू नये, ती जागा माणसाची नव्हे, ही समज दोन्हीकडे एकच आहे.

आणि ही समज जुनी आहे. ऋग्वेदात इंद्र नमुची या असुराचं डोकं पाण्याच्या फेसाने उडवतो. पुढे ब्राह्मणग्रंथ त्याचा खुलासा करतात : दिवसा-रात्री नाही, कोरड्याने नाही, ओल्याने नाही, असं वचन इंद्राने दिलेलं होतं. म्हणून पहाटेची वेळ आणि फेस. भरती उतरताना पुळणीवर राहिलेला फेस ओंजळीत घेऊन बघा. वजन नाही, पाणी म्हणावं तर सांडत नाही, कोरडा म्हणावा तर बुडबुडे फुटतात तसा तळवा ओलसर होतो. फेस हा वस्तूंमधला नरसिंह आहे.

म्हणूनच ‘दशावतार म्हणजे उत्क्रांती’ हे जे हल्ली शिकलेली माणसं मोठ्या ऐटीत सांगतात, ते मला सपशेल अमान्य आहे. त्या हिशेबात नरसिंह ठरतो अजून पुरता माणूस न झालेला प्राणी. कथा नेमकं उलटं सांगते : तो कोणाच्या अलीकडचा किंवा पलीकडचा नाही, दोघांच्या मधला आहे. शिवाय शतपथ ब्राह्मणात पृथ्वी वर काढणारा वराह प्रजापतीचा आहे आणि मनूला वाचवणारा मासा विष्णूचा नाही. ही रूपं पुढे एका माळेत ओवली गेली. माळेचा क्रम पाहून मण्यांचा जन्म सांगू नये.

आता गादी. ऐतरेय ब्राह्मणात राजसूयाच्या वेळी अभिषेक झालेल्या राजाला शुनःशेपाची कथा ऐकवतात. ती सांगणारा पुरोहित, म्हणजे ‘होता’, बसतो ‘हिरण्यकशिपौ’, सोन्याच्या गादीवर, आणि प्रतिसाद देणारा दुसरा पुरोहित, अध्वर्यू, तोही तशाच गादीवर. म्हणजे हा शब्द राजाच्या अभिषेकातल्या एका बैठकीचा आहे. तेच नाव दैत्याला मिळालं, तो सोन्याच्या गादीवाला झाला. आणि मरताना तो गादीवर नाही, सिंहाच्या मांडीवर आहे. सिंहाची बैठक म्हणजे काय? सिंहासन! माझं ठाम मत आहे की मांडी नुसती ‘भुईही नाही, आभाळही नाही’ एवढ्यासाठी आलेली नाही. खोट्या गादीवरून उचलून त्याला खऱ्या सिंहासनावर घेतलंय.

हे मला पुस्तकात सुचलं नाही. जत्रेतल्या दशावतारी नाटकात सुचलं. तिथे मांडणी ती काय, एक बाकडं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन. पहाटे मुखवटा चढवलेला नरसिंह आला, राजाला हाताला धरून बाकड्यावरून उठवलं, स्वतः त्याच बाकड्यावर बसला आणि राजाला मांडीवर आडवा घेतला. बाकडं जागचं हललं नाही, बैठक मात्र बदलली.

राहिला राग. भागवतात वधानंतरही त्याचा कोप शमत नाही, देवांनी पाठवलेली लक्ष्मीसुद्धा जवळ जायला धजत नाही, शेवटी लहानगा प्रल्हाद पुढे होतो. तेव्हा चिडलेल्या माणसाला नरसिंहावतार म्हणायला आधार आहे, खुशाल म्हणा. पण गोव्यात वेलिंगला देव लक्ष्मीनरसिंह आहे, आणि लक्ष्मीनरसिंहाच्या मूर्तींत लक्ष्मी बसते ती त्याच्या मांडीवरच.