फोटोवरून मधमाशी ओळखणे : लिंबावरची, भिंतीतली आणि पेटीतली

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात राहतो. तीन फोटो जोडले आहेत : अंगणातल्या लिंबावरचे पोळे, जुन्या भिंतीतल्या नळीतून ये-जा करणाऱ्या बारीक माश्या, आणि एका विक्रेत्याने ‘देशी मधमाशी’ म्हणून पाठवलेली पेटीतली चौकट. या कोणत्या माश्या आहेत आणि नवशिक्याने कोणती पेटी घ्यावी?

उत्तर : लिंबावरची फुलोरी आहे, भिंतीतली डंखहीन म्हणजे पोयाची माशी आहे, आणि विक्रेत्याच्या चौकटीवरची माशी देशी सातेरी नसून युरोपीय मेलिफेरा आहे, जिला बाजारात ‘इटालियन’ म्हणतात. पेटी माशीच्या जातीप्रमाणे बदलत असल्यामुळे पैसे देण्याआधी ही ओळख पक्की व्हायला हवी, म्हणून प्रत्येक फोटोत मी काय पाहिले ते सविस्तर सांगतो.

फुलोरी आणि पोयाची माशी या दोन्ही लहान असल्याने नवीन माणसाची गल्लत बहुधा यांच्यातच होते. माशीच्या जवळून काढलेल्या फोटोत तिच्या आकाराचा अंदाज येत नाही, त्यामुळे आधी घर पाहावे आणि मग माशी. तुमच्या पहिल्या फोटोत तळहाताएवढे एकच पोळे उघड्यावर आहे आणि त्याचा वरचा फुगीर भाग फांदीला चारही बाजूंनी वेढून बसला आहे. त्या फुगवट्यात मध असतो आणि खाली लोंबणाऱ्या भागात पिल्ले. माशीच्या पोटाचा पुढचा भाग विटकरी आणि मागचा भाग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आहे. असे पोळे आणि असे पोट एकत्र दिसले की ती फुलोरीच. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर जो चकचकीत चिकट पट्टा दिसतो, तो मुंग्यांना अडवण्यासाठी याच माश्यांनी लावलेला डिंक आहे. फुलोरी बंद पेटीत राहत नाही. तिला पेटीत बसवण्याचा प्रयत्न केला तर ती काही दिवसांत निघून जाते, तेव्हा ते पोळे तिथेच राहू द्यावे. उंच इमारतींच्या सज्ज्याखाली किंवा पाण्याच्या टाकीला लटकणारे आग्या मोहोळही पेटीत पाळता येत नाही.

दुसऱ्या फोटोत माशीपेक्षा नळी महत्त्वाची आहे. काळपट, किंचित चमकदार, राळ आणि मेण यांच्या मिश्रणाची ही नळी भिंतीच्या फटीतून बाहेर आली आहे आणि तिच्या तोंडाशी पहारेकरी माश्यांची डोकी दाटीने दिसतात. नळी कोरड्या मातीची असती आणि तिच्यातून एखादीच माशी ये-जा करत असती, तर ती एकट्या राहणाऱ्या गांधीलमाशीची म्हणावी लागली असती. पोयाची माशी साधारण 3 ते 4 मिलिमीटर लांब आणि काळी असते. तिच्या पोटावर फुलोरीसारखे ठळक पट्टे नसतात, आणि पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. मधमाश्यांच्या पंखात याच भागातही शिरांचे जाळे स्पष्ट असते. म्हणून घराचा फोटो नसेल आणि फुलावरच्या एकाच माशीवरून निर्णय करायचा असेल, तर पंख मोठा करून पाहावा.

तिसऱ्या फोटोबद्दल जास्त लिहावे लागेल, कारण सातेरी आणि मेलिफेरा या दोघीही अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात आणि फोटोत बहिणी वाटतात. सातेरीच्या पोटावर काळे-पिवळे पट्टे शेवटपर्यंत सारखे दिसतात, तर इटालियन माशीचा पिवळेपणा पुढच्या भागात जास्त असतो. तरीही रंगावर मी निर्णय करत नाही. मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या माश्या दोन्ही जातींत फिकट असतात.

भरवशाचे माप म्हणजे पोळ्यातली घरे. विक्रेत्याने चौकटीवर फूटपट्टी टेकवून फोटो दिला हे फार बरे झाले. कामकरी माश्यांची 10 घरे एका सरळ ओळीत धरली, तर पहिल्या घराच्या कडेपासून दहाव्याच्या शेवटापर्यंत तुमच्या फोटोत जवळजवळ 53 मिलिमीटर भरतात. मेलिफेराचे माप हेच आहे. आपल्या सपाट प्रदेशातल्या सातेरीची 10 घरे 43 ते 45 मिलिमीटरच्या आसपास बसतात. मात्र पट्टी पोळ्याला चिकटलेली हवी. हातात पुढे धरलेली पट्टी कॅमेऱ्याला जवळ पडते आणि माप चुकते. नरांची घरेही मोजू नयेत. सातेरीच्या नरांची घरे मोठी असल्याने ती मेलिफेराच्या कामकरी घरांच्या जवळपास पोहोचतात आणि तिथे फसगत होते. त्यांची एक खूण अशी की सातेरीच्या नराच्या बंद घराच्या टोकाला टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र असते, आणि मेलिफेराच्या घराला ते नसते.

तरीही शंका राहिली तर पेटीखाली पडलेली एखादी मेलेली माशी घ्या, तिचा मागचा लहान पंख पुढच्या पंखापासून सोडवून पांढऱ्या कागदावर पसरा आणि वरून फोटो काढा. मधली शीर आडव्या शिरेला मिळाल्यावरही पंखाच्या काठाकडे थोडी पुढे गेलेली दिसली तर ती सातेरी; सांध्यापाशीच संपली तर मेलिफेरा. उन्हाळ्याच्या दुपारी पेटीच्या दाराचा व्हिडिओ मागवला तर आणखी एक पडताळा मिळतो : पंखांनी वारा घालणाऱ्या सातेरीचे तोंड दाराच्या बाहेर असते, मेलिफेराचे आत.

आता पेटीबद्दल. मेलिफेराच्या प्रचलित लँगस्ट्रॉथ पेटीची चौकट सुमारे 45 सेंटिमीटर लांब असते, तर सातेरीसाठी वापरल्या जाणाऱ्या न्यूटन पेटीची चौकट जेमतेम 20 सेंटिमीटरची. सातेरीच्या लहान वसाहतीला मोठ्या पेटीतली ऊब सांभाळणे जड जाते, आणि मेलिफेराच्या मापाच्या घरांचा ठसा असलेला मेणपत्रा पोळे बांधायला दिला तर ती त्यावर वेडेवाकडे बांधते. विक्रेत्याकडे ‘देशी’ म्हणून लँगस्ट्रॉथ पेटी भरलेली दिसली की मला लगेच शंका येते.

तुमच्यापुरते माझे मत असे की मेलिफेरा आत्ता घेऊ नये. तिला सतत आणि भरपूर फुलोरा लागतो, म्हणूनच व्यावसायिक पाळणारे पेट्या घेऊन मोहरीच्या किंवा बडीशेपेच्या शेतांकडे फिरतात. शहरातल्या अंगणात एक पेटी एका जागी ठेवली, तर फुले नसताना साखरेचा पाक द्यावा लागेल आणि व्हरोआ नावाच्या कोळीवर्गीय परजीवीवरही नजर ठेवावी लागेल. तुमच्या भिंतीत पोयाची माशी आधीच नांदते आहे, तिथून सुरुवात करावी. तिला चौकटी लागत नाहीत, कारण ती मध राळमेणाच्या छोट्या कुंड्यांत साठवते. एक ते दोन लिटर पोकळीची जाड लाकडी पेटी पुरते. भिंत फोडू नका. भिंतीतल्या नळीला प्लॅस्टिकची नळी जोडून ती पेटीत न्या आणि पेटीला पुढे बाहेर पडण्याचे छिद्र ठेवा, म्हणजे माश्यांना पेटीतूनच ये-जा करावी लागते आणि सावकाश त्या तिथेही घर बांधू लागतात. याला अनेक महिने लागतात आणि मध वर्षाला काहीशे ग्रॅमच मिळतो. पेटी दिवसभर सावलीत हवी, कारण वडोदऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात त्या कुंड्या मऊ पडून कोसळतात.

मध जास्त हवा म्हणून सातेरीच घ्यायची असेल, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा : पट्टी टेकवलेल्या कामकरी घरांचा फोटो, बंद नर-घरांचा जवळून फोटो, आणि मागच्या पंखाचा फोटो. ते इथे टाकलेत तर मी पाहून सांगेन.